रिकामी गाडीही खर्चाचीच

डायोनिशियस लार्डनर या आयरिश लेखकाचे ‘रेल्वे इकॉनॉमी’ हे पुस्तक 1850 मध्ये निघाले. रेल्वे कंपन्यांचे हिशेब चाळताना त्याने खर्चाचे दोन भाग पाडले. एक भाग वाहतुकीबरोबर वाढतो. दुसरा मात्र उतारू येवोत न येवोत, होतच राहतो. रूळ, पूल, स्टेशने, कर्जावरचे व्याज हे सगळे त्यात येते. इतका अवजड स्थिर खर्च त्याआधीच्या फारशा कुठल्या धंद्यात नव्हता, त्यामुळे हा फरक रेल्वेच्या वह्यांतच ठळक दिसला यात नवल नाही.

1903 मध्ये हेन्री हेस या अमेरिकी इंजिनिअरने खर्च आणि विक्रीच्या रेषा एका आलेखावर मांडल्या. त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे नफाही नाही, तोटाही नाही. या ठिकाणाला स्विस अध्यापक योहान फ्रीडरिश शेअर यांनी ‘मृत बिंदू’ म्हटले. मला हे नाव ‘ब्रेक-इव्हन’पेक्षा बोलके वाटते.

एक काल्पनिक हिशेब करू. एका रेल्वेमार्गाचा वर्षाचा स्थिर खर्च 6 लाख रुपये, तिकीट 1 रुपया आणि प्रत्येक उतारूमागे वाढणारा खर्च 25 पैसे. म्हणजे स्थिर खर्च भरून काढायला दर तिकिटातून 75 पैसे उरतात, आणि 8 लाख उतारू झाले की खर्च निघतो. 10 लाख आले तर नफा दीड लाख. आता उतारू 10 टक्क्यांनी घटून 9 लाखांवर आले, की नफा 75 हजारांवर येतो, थेट निम्मा! उतारू तेवढेच वाढले, तर तो सव्वादोन लाखांवर जातो.

याच रस्त्यावर बैलगाड्यांचा ठेकेदार आहे असे समजा. त्याचा स्थिर खर्च 1 लाख, दर उतारूमागचा खर्च 75 पैसे. 10 लाख उतारूंवर त्यालाही दीड लाखच सुटतात, पण उतारू 10 टक्के घटले तर नफा जेमतेम 17 टक्क्यांनी उतरतो. हा फरक म्हणजेच ऑपरेटिंग लिव्हरेज: रेल्वेला पाचपट झोका, ठेकेदाराला पावणेदोनपटही नाही. मात्र हा पट कायमचा नसतो. रेल्वेकडे 12 लाख उतारू असतील तर तो तीनवर येतो, साडेआठ लाखांवर सतराला पोचतो. मृत बिंदूच्या जवळच धक्के मोठे बसतात.

त्यातून दरयुद्धे पेटत. रूळ एकदा टाकले की 25 पैशांच्या वर मिळेल ते भाडे रिकाम्या डब्यापेक्षा बरेच. 1870 च्या दशकात अमेरिकेत रेल्वे कंपन्या एकमेकींचे दर पाडत राहिल्या ते याच हिशेबाने. अर्थात आलेखातली सरळ रेषाही एका मर्यादेपर्यंतच खरी. उतारू इतके वाढले की दुसरा रूळ टाकावा लागला, तर स्थिर खर्चच एकदम पायरी चढतो आणि मृत बिंदू पुढे सरकतो.

आपल्याकडे मुंबई–ठाणे गाडी 1853 मध्ये धावली, तेव्हा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या भांडवलावर सरकारने 5 टक्के परताव्याची हमी दिलेली होती. कमाई कमी पडली, तर लंडनच्या भागधारकाला झळ नव्हती. तूट इथल्या महसुलातून भरली जाई.