संपत्ती = देणी + भांडवल: समीकरणाच्या आधीची पाचशे वर्षे

अकरावीच्या पुस्तपालनात पहिल्या काही पानांतच हे समीकरण येते. बहुतेक विद्यार्थी ते पाठ करतात आणि त्याच्या जोरावर गणितेही सोडवतात. पण दोन्ही बाजू दरवेळी सारख्या का येतात, हा प्रश्न तसाच राहतो. त्याचे उत्तर इतिहासात सापडते, कारण वह्या आधी जुळू लागल्या आणि त्या का जुळतात हे सांगणारे समीकरण फार उशिरा लिहिले गेले. मधल्या पाचशेहून अधिक वर्षांत व्यापाऱ्यांनी हा ताळमेळ हाताने घालून पाहिला होता.

पुढच्या सगळ्या चर्चेसाठी एक छोटा धंदा समोर ठेवू. एका तालुक्याच्या गावात एक बाई पिठाची गिरणी सुरू करतात. घरच्या बचतीतले 80,000 रुपये त्या धंद्याच्या नव्या बँक खात्यात भरतात. इथेच पहिली महत्त्वाची गोष्ट घडली. पैसे बाईंचेच आहेत, पण वही आता गिरणीची आहे. गिरणीकडे 80,000 आले आणि तेवढेच गिरणी बाईंचे देणे लागते. या दुसऱ्या आकड्याला भांडवल म्हणायचे. मालक आणि धंदा यांना वहीत वेगळे धरल्याशिवाय समीकरणाची उजवी बाजू जन्मालाच येत नाही.

मालकाला असे वहीबाहेर उभे करण्याची गरज इटलीतल्या व्यापाऱ्यांना 13 व्या-14 व्या शतकात पडली. भागीदार अनेक, शाखा दूरच्या गावी आणि नफा वाटायचा हिश्श्याप्रमाणे. धंद्यात कोणाचे किती गुंतले आहे हे वहीने सांगितले नाही, तर वाटणी करायची कशी? फ्लॉरेन्सच्या फारोल्फी या व्यापारी पेढीची फ्रान्समधल्या शाखेची 1299-1300 सालची खतावणी अंशतः शिल्लक आहे आणि तिच्यात द्विनोंदी पद्धतीची जवळजवळ सगळी लक्षणे दिसतात. जेनोआ नगराच्या कारभाऱ्यांच्या 1340 च्या वह्या त्याहून पूर्ण आहेत. या लोकांपैकी कोणी समीकरण लिहून ठेवलेले नाही. त्यांच्याकडे एक शिस्त होती: प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत जाईल, एकात नावे आणि दुसऱ्यात जमा.

ही शिस्त छापील स्वरूपात पहिल्यांदा मांडली ती लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूने. 1494 मध्ये व्हेनिसला छापलेल्या त्याच्या गणिताच्या मोठ्या ग्रंथात हिशेबावर एक प्रकरण आहे. पद्धत आपण शोधली असा दावा तो करत नाही, व्हेनिसचे व्यापारी जे करतात तेच सांगतो. त्याची सुरुवात लक्षात घेण्यासारखी आहे. व्यापाऱ्याने आधी आपल्याजवळच्या प्रत्येक वस्तूची, येण्याची आणि देण्याची यादी करावी. मग ती यादी वहीत उतरवताना रोख रक्कम नावे आणि भांडवल खाते जमा. माल नावे, भांडवल जमा. ज्यांचे देणे आहे त्या धनकोंच्या बाबतीत मात्र उलट: भांडवल नावे आणि धनको जमा. यादी संपेपर्यंत भांडवल खात्यात जी शिल्लक उरते ती म्हणजे सगळ्या मालमत्तेतून सगळी देणी वजा जाऊन राहिलेली रक्कम. पाचोलीने समीकरण लिहिले नाही, पण यादी वहीत चढवण्याची ही रीत म्हणजे तेच समीकरण आहे. मला तर वाटते की पहिल्या धड्यात समीकरण फळ्यावर लिहिण्याआधी विद्यार्थ्यांकडून ही यादी करून घ्यावी.

आता गिरणीकडे परत जाऊ. बाईंनी 60,000 रुपयांना मोटरसह चक्की घेतली. बँकेतले 60,000 गेले, त्याजागी 60,000 ची चक्की आली. डावीकडे अदलाबदल झाली, उजवीकडे कशालाच हात लागला नाही. मग पतसंस्थेचे 40,000 कर्ज घेतले. बँकेत 40,000 वाढले आणि देणेही 40,000 वाढले. पीठ करून विकण्यासाठी आडत्याकडून 25,000 चा गहू उधारीवर आणला. पुन्हा दोन्ही बाजू सारख्याच वाढल्या. या घडीला गिरणीकडे 60,000 ची चक्की, बँकेत 60,000 आणि 25,000 चा गहू, म्हणजे 1,45,000 आहेत. त्यावर पतसंस्थेचा आणि आडत्याचा मिळून 65,000 चा हक्क आहे, बाईंचा 80,000 चा.

इथपर्यंत भांडवल हलले नाही. ते हलते विक्रीच्या वेळी. 15,000 च्या गव्हाचे पीठ 21,000 ला गेले. त्यातले 15,000 बँकेत आले, 6,000 एका खानावळीकडून येणे राहिले. 15,000 चा गहू संपला आणि 21,000 आले, म्हणजे मालमत्ता 6,000 ने वाढली. हे 6,000 कोणाचे? आडत्याचे देणे 25,000 च आहे, पतसंस्थेचेही 40,000 च. त्यांचा आकडा ठरलेला असतो. धंदा चालला म्हणून तो वाढत नाही, बुडाला म्हणून कमी होत नाही. म्हणून वाढ झाली तर ती मालकाची आणि घट झाली तर तीही मालकाचीच. विजेचे बिल 2,000 भरले: बँक 2,000 ने कमी, भांडवल 2,000 ने कमी. घरखर्चाला 3,000 काढले, ती उचल: तीही भांडवलातून.

महिनाअखेरीस बँकेत 70,000, चक्की 60,000, गहू 10,000 आणि खानावळीकडे 6,000, एकूण 1,46,000. देणी 65,000. बाकी 81,000.

इथे एक चाणाक्ष विद्यार्थी विचारतो: भांडवल म्हणजेच मालमत्ता वजा देणी, अशी व्याख्या केली तर समीकरण जुळणारच, मग त्यात सिद्ध काय झाले? प्रश्न अगदी रास्त आहे आणि इतिहासातला सर्वांत उपयोगी धडा याच्या उत्तरात आहे. समजा बाईंनी वही न ठेवता महिनाअखेरीस फक्त मोजदाद केली आणि आडत्याचे 25,000 विसरल्या. मालमत्ता 1,46,000, देणी 40,000, भांडवल 1,06,000. समीकरण तंतोतंत जुळते आणि उत्तर 25,000 ने चुकीचे आहे. वजाबाकी करून आणलेला आकडा कधीच बेताळ होत नाही, म्हणून तो चूकही पकडू शकत नाही.

चूक पकडायची तर भांडवलाच्या आकड्यापर्यंत दोन वेगळ्या वाटांनी पोहोचावे लागते. हे स्वच्छपणे मांडले सिमॉन स्टीव्हिन या गणितज्ञाने. हा ब्रुजचा, पुढे नेदरलँड्सच्या राजपुत्र मॉरिसचा शिक्षक. 17 व्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने या राजपुत्राच्या कारभारासाठी इटालियन पद्धतीची हिशेबवही समजावणारे पुस्तक लिहिले. त्यात तो आधी वर्षअखेरच्या मालमत्तेतून देणी वजा करून भांडवल काढतो आणि वर्षारंभीच्या भांडवलाशी त्याची तुलना करून नफा ठरवतो. मग दुसऱ्या पत्रकात नफ्या-तोट्याच्या एकेका बाबीची बेरीज करून तोच नफा येतो का ते तपासतो. गिरणीत ही दुसरी वाट अशी: 80,000 अधिक विक्रीतले 6,000, वजा वीज 2,000, वजा उचल 3,000. उत्तर 81,000. मोजदादीतूनही 81,000 आले. आता बरोबरीच्या चिन्हाला अर्थ आला. आडत्याला विसरलेल्या मोजदादीचे 1,06,000 आणि वहीतले 81,000 शेजारी ठेवले की 25,000 चा फरक लगेच डोळ्यांत भरतो.

अर्थात गहू आणल्याची नोंद वहीतही झाली नसेल आणि मोजदादीत तो गहूही सुटला असेल, तर दोन्ही वाटा एकाच चुकीकडे नेतात. सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा शिलकांच्या बेरजा ताडणारी तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. पूर्ण वगळलेला व्यवहार तेरजेत कधीच दिसत नाही. तो सापडतो आडत्याच्या पावतीशी वही ताडून पाहिल्यावर.

तरीही शिकवण्याची रीत पुढची दोन शतके नियमांचीच राहिली: घेणारा नावे, देणारा जमा. विद्यार्थी खात्यांना माणसे समजून नोंदी करत. 1818 मध्ये इंग्लंडात एफ. डब्ल्यू. क्रॉनहेल्मने कारण सांगायचा प्रयत्न केला. त्याचे म्हणणे असे की भांडवल हे संपूर्ण आहे आणि बाकी खाती त्याचे भाग आहेत. येणे आणि माल हे धन भाग, देणी हे ऋण भाग. संपूर्ण आणि त्याच्या भागांची बेरीज सारखी असणारच, मग धंद्यात काहीही उलाढाल होवो. नियमाच्या जागी कारण आले ते इथे.

बीजगणिताची अक्षरे आणली न्यूयॉर्कच्या एका बचत बँकेत काम करणाऱ्या चार्ल्स स्प्रेगने, 1880 मध्ये. त्याचे सूत्र होते

H + T = O + X

म्हणजे माझ्याजवळ जे आहे, अधिक जे माझे इतरांकडे येणे आहे, ते बरोबर जे मी देणे लागतो, अधिक माझे स्वतःचे जे आहे. गिरणीचे आकडे घातले तर 1,40,000 + 6,000 = 65,000 + 81,000. शेवटच्या पदासाठी त्याने अज्ञाताचे अक्षर निवडले हे फार नेमके आहे. बाकी तिन्ही मोजता येतात, चौथे निघते.

स्प्रेग मालकाच्या जागेवरून पाहत होता. सूत्रात देणी बेरजेत असली, तरी त्याला ती मालमत्तेतून वजा जाणारी गोष्ट वाटे. कंपन्या मोठ्या झाल्या, भागधारक हजारोंनी झाले, तेव्हा हा दृष्टिकोन अपुरा पडू लागला. अमेरिकेत विल्यम पेटनने 1922 मध्ये मांडले की धंदा स्वतःच केंद्र आहे. धनको आणि भागधारक दोघेही त्याला पैसा पुरवतात आणि दोघांचाही त्याच्या मालमत्तेवर हक्क असतो, फक्त क्रम वेगळा. देणी वजाबाकीत न धरता भांडवलाच्या शेजारचा हक्क म्हणून पाहण्यामागे हा विचार आहे. अंकगणितात दोन्ही मांडण्या एकच आहेत, पण धंद्यावर कोणाचा किती हक्क हे पाहणाऱ्या बँकेला दुसरी मांडणी थेट उत्तर देते.

हक्कांचा क्रम खरा दिसतो तो धंदा बिघडल्यावर. समजा पुढच्या महिन्यात गिरणीला आग लागली. चक्की, उरलेला गहू आणि बंद पडलेल्या खानावळीचे येणे मिळून 76,000 बुडाले. चक्की दुरुस्त करून घेण्यात 20,000 गेले आणि ती चाललीच नाही. आता बँकेत 50,000 आहेत आणि देणी 65,000. समीकरण तरीही मोडत नाही: 50,000 = 65,000 + (−15,000). भांडवल उणे झाले. बाईंची गिरणी स्वतःच्या एकट्या मालकीची असेल, तर हे 15,000 पतसंस्था आणि आडत्या त्यांच्या घरच्या पैशांतून मागू शकतात, कारण वहीत वेगळे केलेले मालक आणि धंदा कायद्यात वेगळे नसतात. गिरणी मर्यादित कंपनी असती आणि बाईंनी व्यक्तिगत हमी दिली नसती, तर ते 15,000 धनकोंचेच बुडाले असते. ब्रिटनमध्ये ही मर्यादा सर्वसाधारण कंपन्यांना 1855 च्या कायद्याने मिळाली.