बायोडेटातले प्रकल्प: मोठा आधी की जुळणारा आधी?

“पंचवीस वर्षांची नोकरी आहे, चाळीसेक प्रकल्प झालेत. सगळे लिहिले तरच अनुभव दिसतो ना? निदान सर्वांत मोठा तरी पहिला हवा?”

नाही. आधी जुळणी पाहा, मग आकार, शेवटी ताजेपणा. समजा, जागा पूल-डिझाइनची आहे. चाळीसांतून पुलांचे, फार तर उड्डाणमार्गांचे काम वेगळे काढा, बारा उरतील. वीस वर्षांपूर्वीचे भलेमोठे धरण इथेच गळते, जीव तुटला तरी.

आकार मोजताना बहुतेकजण फसतात. प्रकल्पाचा एकूण खर्च लिहितात आणि मुलाखतीत “यात तुमचं काय?” या प्रश्नावर अडखळतात. चारशे मीटरच्या पुलात तुम्ही फक्त रेलिंग तपासले असेल, तर साठ मीटरचा, पायापासून गर्डरपर्यंत स्वतः डिझाइन केलेला पूल त्याच्या वर जातो.

बरोबरी झाली की अलीकडचा ठेवा. जुन्या वर्किंग स्ट्रेस पद्धतीच्या डिझाइनवरून आज लिमिट स्टेटने काम जमेल का, हे कळत नाही. मात्र तसा स्पॅन नंतर कधीच केला नसेल, तर जुना प्रकल्पही राहू द्या, एका ओळीत. पाच-सहा सविस्तर पुरेत. उरलेल्यांची प्रकारवार नुसती संख्या द्या.