रेग्युलर योजनेतून डायरेक्टमध्ये जाण्याचा अर्ज: तो कुठे अडतो आणि गोव्यात कर किती लागतो

फोंड्याच्या एका निवृत्त शिक्षिकेने आपले म्युच्युअल फंडाचे विवरणपत्र माझ्यासमोर ठेवले, तेव्हा त्यांचा ठाम समज असा होता की, पैसे बँकेत जाऊन स्वतः भरले असल्यामुळे ही गुंतवणूक थेट झालेली आहे. विवरणपत्रावर योजनेच्या नावापुढे मात्र ‘Regular Plan’ असे छापलेले होते आणि खाली बँकेचा एआरएन, म्हणजे वितरकाचा नोंदणी क्रमांक होता. बँक ही येथे वितरक असते आणि तिलाही कमिशन मिळते. हा गैरसमज इतका सर्वत्र आहे की, अर्जाविषयी काही सांगण्याआधी तो दूर करणे मला आवश्यक वाटते.

बाजार नियामक सेबीच्या आदेशाने १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंड घराण्याला आपल्या योजनेचा डायरेक्ट, म्हणजे वितरकाविना थेट घेता येणारा, प्रकार उपलब्ध करून द्यावा लागला. दोन्ही प्रकारांत पैसा त्याच रोख्यांमध्ये गुंतलेला असतो आणि निधी व्यवस्थापकही तोच असतो. फरक फक्त खर्चाचा असतो. रेग्युलर योजनेत वितरकाचे कमिशन योजनेच्या खर्चातून दिले जाते, आणि हा खर्च दररोज थोडाथोडा वजा करूनच त्या दिवसाचे एनएव्ही, म्हणजे एका युनिटचे मूल्य, जाहीर होते. त्यामुळे गुंतवणूकदाराच्या हाती कधीही बिल येत नाही आणि पासबुकात कपातीची नोंदही दिसत नाही. हे कमिशन एकदाच दिले जात नाही, तर पैसे योजनेत असेपर्यंत दरवर्षी, वाढलेल्या मूल्यावर दिले जाते. ते रुपयांत पाहायचे असेल तर दर सहामाहीला येणारे एकत्रित विवरणपत्र काढून पाहावे. त्यात प्रत्येक योजनेपोटी वितरकाला मिळालेली रक्कम दिलेली असते. ईमेलवर आलेली ही फाईल बहुतेक जण उघडतही नाहीत, याचे मला वाईट वाटते.

या बाईंचे उदाहरण सोप्या आकड्यांत मांडतो. आठ वर्षांपूर्वी एका इक्विटी योजनेत त्यांनी सहा लाख रुपये एकरकमी भरले आणि आज त्यांचे मूल्य नऊ लाख आहे. योजनेचा वार्षिक खर्च रेग्युलरमध्ये १.७५ टक्के आणि डायरेक्टमध्ये ०.८५ टक्के धरला, तर फरक ०.९० टक्क्यांचा, म्हणजे नऊ लाखांवर वर्षाला सुमारे ८,१०० रुपयांचा होतो. जो वितरक बाजार पडल्यावर धीर देतो, नॉमिनी नोंदवून घेतो आणि कागदपत्रांसाठी धावपळ करतो, त्याला हे पैसे मिळणे योग्य आहे, आणि ज्यांना स्वतः योजना निवडता येत नाही त्यांनी रेग्युलरमध्येच राहावे. या बाईंना मात्र आठ वर्षांत बँकेतून एकही फोन आला नव्हता.

आता अर्जाकडे वळू. सर्वांत जास्त फसगत होते ती ‘एजंटचे नाव काढून टाका’ अशा अर्जाने. असा अर्ज दिला तर त्या फोलिओवरून, म्हणजे फंडातल्या खात्यावरून, वितरकाचा क्रमांक निघतो, पण युनिट रेग्युलर योजनेतच राहतात आणि खर्चही रेग्युलर योजनेचाच लागत राहतो. नाव काढले, आता आपण डायरेक्ट झालो, असे मानून वर्षानुवर्षे निर्धास्त राहिलेली माणसे मी पाहिली आहेत. डायरेक्टमध्ये जाण्यासाठी करावा लागतो तो स्विचचा, म्हणजे युनिट एका योजनेतून दुसरीत हलवण्याचा अर्ज.

या अर्जातही एक जागा हमखास चुकते. अनेक जण वितरकाकडूनच मिळालेला कोरा अर्ज वापरतात आणि त्यावर वितरकाचा क्रमांक आधीच छापलेला किंवा शिक्का मारलेला असतो. क्रमांक तसाच ठेवून ‘कोणत्या योजनेत’ या रकान्यात फक्त योजनेचे नाव लिहिले, तर नियमाप्रमाणे ती मागणी रेग्युलर योजनेसाठीच धरली जाते. मग ज्या योजनेतून निघायचे त्याच योजनेत जायचे, असा अर्थहीन अर्ज तयार होतो आणि तो परत येतो. म्हणून फंडाच्या संकेतस्थळावरून नवा अर्ज काढावा, एआरएनच्या चौकटीत `DIRECT` असे लिहावे आणि योजनेच्या नावापुढे `Direct Plan - Growth` असे पूर्ण लिहावे. सही जुन्या नोंदीशी जुळली पाहिजे. खाते दोघांच्या नावावर असेल आणि धारणेचा प्रकार ‘जॉइंट’ असेल तर दोघांच्याही सह्या लागतात. उघडताना काहीच निवडले नसेल तरी ते जॉइंटच धरले जाते. केवायसी ‘ऑन होल्ड’ असेल तर आधी ते पूर्ण करावे. बाकी अर्ज पणजी किंवा मडगावच्या सेवा केंद्रात किंवा ऑनलाइन, कसाही देता येतो.

स्विच म्हणजे कायद्याच्या दृष्टीने जुन्या युनिटची विक्री आणि नव्याची खरेदी, त्यामुळे कर लागतो आणि वर्षाच्या आतले युनिट असतील तर बहुतेक इक्विटी योजनांत एक्झिट लोड, म्हणजे लवकर बाहेर पडण्याचे शुल्कही लागू शकते. ईएलएसएस, म्हणजे करबचतीची इक्विटी योजना असेल तर प्रत्येक हप्त्याची तीन वर्षे पूर्ण होईपर्यंत ते युनिट हलवताच येत नाहीत. कराच्या बाबतीत गोमंतकीयांना एक सवलत आहे, जी बाहेरचे सल्लागार सहसा सांगत नाहीत. ज्या दाम्पत्याचा विवाह इथल्या नागरी कायद्याच्या सामाईक मालमत्तेच्या पद्धतीखाली येतो, त्यांचा भांडवली नफा १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ५ए प्रमाणे दोघांत निम्मा-निम्मा वाटला जातो. विवाहापूर्वी वेगळ्या मालमत्तेचा करार केलेला असेल तर हा नियम लागू होत नाही.

बाईंचा तीन लाखांचा नफा दीर्घकालीन आहे. एकाच व्यक्तीचा धरला तर १.२५ लाखांची सूट जाऊन १.७५ लाखांवर १२.५ टक्के, म्हणजे २१,८७५ रुपये कर होतो. पती-पत्नीत वाटल्यावर मात्र प्रत्येकी दीड लाख येतात, त्यातले प्रत्येकी २५ हजारच करपात्र ठरतात आणि दोघांचा मिळून कर ६,२५० रुपये होतो. उपकर धरला तरी पहिल्या वर्षाच्या वाचलेल्या खर्चात तो भरून निघतो. निम्मे युनिट मार्चमध्ये आणि निम्मे एप्रिलमध्ये हलवले, तर दोघांचाही इतर असा नफा नसल्यास काहीच कर लागत नाही. या वाटणीसाठी आयकर विवरणपत्रात ५ए ची अनुसूची भरावी लागते आणि त्यात जोडीदाराचा पॅन लागतो. घरातल्या अनेक स्त्रियांचा पॅन माहेरच्या नावाने असतो किंवा काढलेलाच नसतो, म्हणून हे काम स्विचच्या अर्जाआधी उरकून घ्यावे.

एसआयपी चालू असेल तर स्विच करून काम संपत नाही, कारण पुढचे हप्ते जुन्या रेग्युलर योजनेतच जात राहतात. ती एसआयपी वेगळा अर्ज देऊन बंद करावी आणि डायरेक्टमध्ये नवी नोंदवावी. नंतर आलेल्या विवरणपत्रात वितरकाच्या जागी `DIRECT` दिसते का, आणि पुढच्या सहामाहीच्या विवरणपत्रात त्या योजनेपुढे कमिशनची रक्कम उरलेली नाही ना, हे तपासावे. उरली असेल तर फंड घराण्याकडे लेखी तक्रार करावी, आणि तेथे दाद न मिळाल्यास सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर ती नोंदवावी.