नाव पुन्हा का विचारतो? आमच्या एक्स-रे सेंटरमध्ये येणाऱ्यांसाठी

एक्स-रेच्या खोलीत आल्यावर "आपलं पूर्ण नाव सांगा" असं म्हटलं की बरेच जण वैतागतात. "आत्ताच तर काउंटरवर सांगितलं," "चिठ्ठीवर लिहिलंय की हो," हे आम्ही रोज ऐकतो. वैताग समजतो. हात दुखत असतो, बाहेर रिक्षा थांबलेली असते. तरीही हा प्रश्न आम्ही सोडणार नाही. का सोडणार नाही, ते एकदा नीट सांगावं म्हणून हे पत्रक काढलं आहे.

आमच्याकडे दरवर्षी डिप्लोमाची मुलं इंटर्नशिपला येतात. पहिल्या दिवशी त्यांना मशीनला हात लावू देत नाही. आमच्या सर्वांत जुन्या टेक्निशियन, ज्यांना सगळे ताई म्हणतात, त्या मुलांना व्ह्यू बॉक्ससमोर उभं करतात आणि एक फिल्म लावून विचारतात, "काय दिसतंय?" मुलं लगेच हाड बघतात. कोणी फ्रॅक्चर सांगतं, कोणी सांध्यातलं अंतर. ताई म्हणतात, "हाड डॉक्टर बघतील. तुम्ही आधी कोपरे बघा. नाव कोणाचं, तारीख कुठली, बाजू कुठली. ही तीन उत्तरं मिळाल्याशिवाय फिल्म खोलीबाहेर जाणार नाही." या वेळी मीही शेजारी बसून सगळं ऐकलं. ते आपल्याही उपयोगाचं आहे.

नावाबद्दल त्यांचा पहिला नियम असा की पेशंटला नाव सांगायचं नाही, नाव विचारायचं. "तुम्ही पाटीलबाई ना?" असं विचारलं की समोरचा माणूस "हो" म्हणतो. ऐकायला कमी येत असेल तरी म्हणतो, झोपेतून उठला असेल तरी म्हणतो, आणि नंबर लवकर लागतोय असं वाटलं तर हमखास म्हणतो. यात लबाडी नसते, दवाखान्यात माणूस होकारच देतो. म्हणून प्रश्न असा विचारायचा, की "हो" हे त्याचं उत्तर होऊच शकणार नाही.

दुसरा नियम: नुसत्या नावावर थांबायचं नाही, जोडीला आणखी एक खूण घ्यायची. पुष्कळ ठिकाणी ती खूण जन्मतारीख असते. आपल्याकडे तिच्यावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. साठीच्या पुढच्या कितीतरी लोकांची कागदावरची जन्मतारीख 1 जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. बाकीच्या कितीतरी जणांची 1 जानेवारी. एकाच गावचे, एकाच आडनावाचे, एकाच तारखेला जन्मलेले दोघे आमच्या बाकावर शेजारी बसलेले आम्ही पाहिले आहेत. म्हणून आम्ही वडिलांच्या किंवा पतीच्या नावासकट पूर्ण नाव विचारतो आणि मोबाइल नंबर पावतीशी ताडून बघतो. लग्नानंतर नाव बदललं असेल आणि जुने एक्स-रे माहेरच्या नावावर असतील, तर तेवढं आम्हाला सांगा. मग दोन्ही नावं एकाच नोंदीखाली जोडता येतात.

इथे ताई मुलांना आमच्याच सेंटरमध्ये घडलेली एक गोष्ट सांगतात. मीही ती लपवत नाही. एका सकाळी छातीच्या एक्स-रेसाठी दोन बाई आल्या होत्या. पहिलं नाव तेच, आडनाव तेच, मधलं नाव वेगळं. एकीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं, त्याआधी छाती तपासून हवी होती. दुसरीचा खोकला तीन आठवडे हटत नव्हता, आणि पाच वर्षांपूर्वी तिची बायपास झालेली होती. नव्या इंटर्नने दारातून आडनाव पुकारलं. मोतीबिंदूवाल्या बाई उठल्या. "तुम्हीच ना?" "हो." एक्स-रे निघाला आणि खोकलेवाल्या बाईंच्या नावावर चढला. चित्र सुंदर आलं होतं, श्वासही छान रोखला होता. फुप्फुसं स्वच्छ.

ताईंची सवय अशी की जुना एक्स-रे असेल तर तो शेजारी उघडायचा. जुन्या चित्रात छातीच्या मधोमध तारांच्या गाठी ओळीने दिसत होत्या. बायपासच्या वेळी उरोस्थी कापतात आणि नंतर स्टीलच्या तारेने शिवतात, त्या या गाठी. नव्या चित्रात एकही नव्हती. खोकला बरा होऊ शकतो, फुप्फुसातला डाग जाऊ शकतो, पण तारा आपोआप नाहीशा होत नाहीत. म्हणजे हा माणूसच दुसरा.

दोघी अजून बाहेर बसलेल्या होत्या म्हणून निभावलं. ताईंनी दोन्ही नोंदी रोखून धरल्या, दोघींना वेगवेगळं बोलावून पूर्ण नाव आणि मोबाइल नंबर विचारला, चित्र योग्य नावावर हलवलं, हलवल्याची वेळ आणि कारण रजिस्टरमध्ये लिहिलं, आणि मग खोकलेवाल्या बाईंचा एक्स-रे काढला. पाऊण तास गेला, मागचे सगळे नंबर रखडले. त्या दोघी घरी गेल्या असत्या, तर एका आजारी बाईच्या हातात निरोगी छातीचा रिपोर्ट पडला असता.

बाकावर बसलेल्यांकडून आमचा सर्वांत जास्त वेळ जातो तो याच एका गोष्टीमुळे: पेशंटऐवजी दुसऱ्याने उत्तर देणं. मुलगा वडिलांच्या वतीने "हो, हेच" म्हणतो, सून सासूबाईंच्या वतीने. घरच्या माणसाने मदत जरूर करावी. लहान मूल असेल, बोलता येत नसेल, तर तुमच्याशिवाय आमचंही चालत नाही. पण पेशंटला बोलता येत असेल तर पहिलं उत्तर त्यांना देऊ द्या, मग तुम्ही दुजोरा द्या. आणि घाईत घरातल्या दुसऱ्याच्या नावाची जुनी फाइल काउंटरवर देऊ नका. "नाव नंतर बदलून द्या" असं कोणी म्हटलं तर आम्ही नाही म्हणतो. चूक आमची असेल तर दुरुस्त करतो, पण एकाच्या शरीराचं चित्र दुसऱ्याच्या नावावर करून देत नाही.

आता बाजू. ताई खिशातून शिशाची दोन छोटी अक्षरं काढून मुलांच्या तळहातावर ठेवतात. इंग्रजी आर म्हणजे उजवी, एल म्हणजे डावी, आणि बाजू नेहमी पेशंटची. आपण समोर उभे राहिलो की आपल्या डाव्या हाताला पेशंटचा उजवा येतो, आणि नवखा माणूस तिथेच चुकतो. किरणं जिथे पडणार तिथे दिव्याचा चौकोन दिसतो. त्या चौकोनाच्या आत, अवयवाच्या बाहेरच्या कडेला, हाडावर येणार नाही असं ते अक्षर ठेवायचं. म्हणजे हाड आणि अक्षर एकाच क्षणी, एकाच किरणात टिपलं जातं.

"संगणकावर नंतर अक्षर टाकता येतं, मग शिसं कशाला?" हा प्रश्न दर वर्षी येतो, मुलांकडूनही आणि काही चौकस ग्राहकांकडूनही. ताई उत्तर देत नाहीत, करून दाखवतात. पडद्यावर हाताच्या पंजाचा एक्स-रे उघडतात आणि एक बटण दाबून तो आडवा उलटवतात. डाव्या हाताचा उजवा झाला, आणि नुसत्या हाडांवरून कोणालाही फरक सांगता येत नाही. मग शिशाच्या अक्षराकडे बोट दाखवतात. ते आरशातल्यासारखं उलटं झालेलं असतं. शिशाचं अक्षर चित्राबरोबर उलटतं, म्हणून चोरी पकडून देतं. नंतर टाकलेलं अक्षर आठवणीवर टाकलेलं असतं. चित्र आधीच उलटलेलं असेल तर त्याच्यावरही ते सरळच बसतं आणि चूक झाकून टाकतं.

छातीच्या एक्स-रेत हे आणखी महत्त्वाचं. आपण स्टँडला छाती टेकवून, मशीनकडे पाठ करून उभे राहता. डॉक्टर मात्र आपण त्यांच्यासमोर तोंड करून उभे आहात असं धरून चित्र बघतात. म्हणजे चित्र एकदा फिरवलेलं असतं, आणि शिशाचं अक्षर पालथं लावलेलं असतं, फिरवल्यावर सरळ वाचता यावं म्हणून. एका इंटर्नला एकदा हृदय उजवीकडे दिसलं. त्याला वाटलं चित्र उलटं आलंय, म्हणून त्याने ते "सरळ" केलं. ताईंनी अक्षर बघितलं, तर ते उलटं. चित्र पहिल्यांदाच बरोबर होतं. त्या गृहस्थांचं हृदय खरोखरच उजवीकडे होतं. साधारण दहा हजारांत एखाद्याचे छाती-पोटातले सगळेच अवयव असे आरशातल्यासारखे असतात. अक्षर नसतं, तर चित्र फिरलंय की माणूसच तसा आहे हे त्या फिल्मवरून कळलंच नसतं.

आपल्याकडून इथे एकच हवं. दुखरी जागा बोटाने दाखवा. "उजवा की डावा" या प्रश्नात दुखण्याच्या भरात चांगले चांगले गोंधळतात, म्हणून ताई वयस्कर पेशंटना आधी "जेवायचा हात वर करा" म्हणतात. आपलं बोट आणि डॉक्टरांची चिठ्ठी जुळली नाहीत, तर आम्ही थांबतो आणि डॉक्टरांना फोन लावतो. चिठ्ठीत डावा गुडघा आहे आणि आपण उजवा दाखवताय, तर आपल्या सांगण्यावरून उजव्याचा काढून देणार नाही, आणि गपचूप डाव्याचाही काढणार नाही. या फोनला पाच-दहा मिनिटं जातात. चुकीच्या गुडघ्याचा एक्स-रे म्हणजे विनाकारण घेतलेली किरणं आणि दुसरी खेप.

तारखेबद्दल ताई थोडक्यात बोलतात. सकाळी मशीन सुरू केल्यावर पहिल्या पेशंटच्या आधी पडद्यावरची तारीख मोबाइलशी ताडायची, कारण आतली छोटी बॅटरी संपली की मशीनचं घड्याळ कुठल्याकुठे मागे जातं. मोडलेल्या मनगटाचे दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्याचे एक्स-रे घ्या. तारखांची अदलाबदल झाली तर जुळत आलेलं हाड पुन्हा सुटल्यासारखं दिसेल. आम्ही महिना अक्षरात छापतो, कारण 03/04 हे कोणी 3 एप्रिल वाचतं, कोणी 4 मार्च.

म्हणूनच एक विनंती. फिल्म खिडकीच्या उजेडात धरून मोबाइलने फोटो काढता, तेव्हा बहुतेक जण फक्त मधलं हाड घेतात. नाव, तारीख आणि अक्षर कापलं जातं, कधी फिल्मही मागच्या बाजूने धरलेली असते. मग डॉक्टर आम्हाला फोन करून विचारतात, हा पाय कुठला? फोटो काढूच नका. काउंटरवर सांगा, तिन्ही खुणा असलेलं पूर्ण चित्र आम्ही आपल्या किंवा डॉक्टरांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

एक्स-रे झाल्यावर कपडे घालून लगेच निघू नका. तीन कोपरे बघून होईपर्यंत, म्हणजे पाचेक मिनिटं, बाकावर बसा. शंका आली तर आपण समोर असताना ती मिटते. आणि जुने एक्स-रे असतील तर, दुसऱ्या सेंटरचे असले तरी, सोबत आणा. ताई ते शेजारी लावून बघतात.