‘ओढणे’ या क्रियापदावरून: स्ट्रॉच्या गोष्टीची पार्श्वभूमी

पाण्यात स्ट्रॉ बुडवायची, वरचं टोक बोटानं दाबायचं आणि स्ट्रॉ उचलायची. आतलं पाणी सांडत नाही. धाकटी मामेबहीण विचारते, “दादा, पाणी कोणी धरलंय?” मी लिहिलेली स्ट्रॉची गोष्ट इथून सुरू होते.

या प्रश्नाचं जुनं उत्तर होतं, निसर्गाला पोकळी खपत नाही. ते शतकानुशतकं चाललं. पण शोषपंपानं पाणी साधारण 10 मीटरच्या वर चढत नाही, याचा उलगडा त्यातून होईना. 1640च्या दशकात पाऱ्यानं भरलेली नळी पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी करण्याचा प्रयोग झाला. पारा सुमारे 76 सेंटिमीटरवर थांबला. 1648 मध्ये तीच नळी डोंगरावर नेली, तर पारा आणखी खाली आला. पोकळीचा तिटकारा उंचीवर कमी कसा होईल? कमी झाली होती ती वरची हवा.

गोष्टीचं घोडं मात्र अडलं एका क्रियापदावर. पहिल्या खर्ड्यात दादा म्हणत होता, “तू रस ओढतेस, म्हणून तो वर येतो.” मुलं असंच बोलतात, मग असू द्या, असं एका वाचकाचं म्हणणं. दुसऱ्याचं म्हणणं, चूक नेमकी तिथंच आहे. मला दुसरं पटलं. तोंडानं आपण स्ट्रॉमधली हवा कमी करतो, एवढंच. रसाला वर ढकलते ती पेल्यातल्या रसावर दाबणारी बाहेरची हवा. शेवटी ठरलं की ‘ओढणे’ हवेसाठी चालेल, रसासाठी नाही.

नुसता शब्द बदलून बहिणीला कसं पटणार? म्हणून बाटलीचा प्रसंग आला. काचेची बाटली काठोकाठ भरलेली, झाकणाच्या भोकातून स्ट्रॉ, भोवतीची फट मातीनं लिंपलेली. ती जोर लावते, गाल आत जातात, पण रस जेमतेम थेंबभर येतो. दादा मातीत टाचणीनं छिद्र पाडतो आणि रस येऊ लागतो. आधी बाटली मऊ प्लॅस्टिकची लिहिली होती. ती बाहेरच्या दाबानं चेपते आणि रस येतो, सगळा मुद्दाच बुडतो.

बोटाच्या प्रयोगातही एक दुरुस्ती झाली. ‘पाणी जराही हलत नाही’ हे वाक्य खोटं होतं. स्ट्रॉमध्ये 10 सेंटिमीटर पाणी आणि त्यावर 10 सेंटिमीटर हवा असेल, तर पाणी पेलायला आतल्या हवेचा दाब सुमारे 1 टक्का कमी व्हावा लागतो. त्यासाठी ती हवा तेवढीच पसरते, म्हणजे पाणी साधारण 1 मिलिमीटर उतरून थांबतं. (रुंद नळीत हे जमत नाही, खालून हवा आत शिरते आणि पाणी सांडतं.) कागदी स्ट्रॉमधून हे दिसणार नाही, म्हणून गोष्टीतली स्ट्रॉ पारदर्शक ठेवली. तो मिलिमीटर आता बहिणीलाच दिसतो: “दादा, थोडंसं खाली आलं की!”