इंदूरच्या मराठीत ‘तुम्ही’ उतरलं आणि ‘आपण’ चढलं, त्याची गोष्ट

पुण्याहून बदली होऊन इंदूरला आलेल्या आमच्या एका नातेवाइकाला पहिल्याच आठवड्यात एक धडा मिळाला. ऑफिसातले हेडक्लार्क निवृत्तीला आलेले, मालवी घरातले. ते टेबलापाशी आले तसा हा उठला, स्वतःची खुर्ची पुढे केली आणि अदबीनं म्हणाला, “तुम बैठो, मैं फाइल लाता हूँ.” त्याच्या मनात “तुम्ही बसा” होतं. समोरच्यांचा चेहरा उतरला, ते बसले नाहीत, आणि पुढचे दोन दिवस कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी एका मराठी सहकाऱ्यानं त्याला बाजूला घेऊन सांगितलं, “इथे ‘तुम’ म्हणजे आपलं ‘तुम्ही’ नव्हे.”

‘तुम’ आणि ‘तुम्ही’ हे दोन्ही प्राकृतातल्या ‘तुम्ह’ या एकाच मुळातून आले. दोन्ही मुळात अनेकवचनी. एकाच माणसाला मान द्यायचा म्हणून अनेकवचन वापरायचं ही रीत दोन्ही भाषांत रुळली. फरक पुढे पडला. हिंदीत ‘आप’ मानाच्या जागी पक्कं बसलं आणि ‘तुम’ एक पायरी खाली, बरोबरीच्या आणि लहानांच्या जागी सरकलं. मराठीत ‘आपण’ होतं, ‘आप’सारखंच ‘आत्मन्’वरून आलेलं, पण ते रोजच्या बोलण्यात मानाची जागा घेऊन बसलं नाही. ती जागा ‘तुम्ही’नंच सांभाळली. म्हणून पुण्यात किंवा नागपुरात सासऱ्यांना, साहेबांना, दुकानात आलेल्या अनोळखी बाईंना ‘तुम्ही’ म्हटलं की पुरतं.

इंदूरला ते पुरत नाही, आणि त्याची मुळं बरीच मागे जातात. अठराव्या शतकात होळकरांच्या मागोमाग मराठी कारकून, फडणीस, शास्त्री, शिलेदार माळव्यात आले. त्यांच्या लिखाणात मान सर्वनामापेक्षा मायन्यात असायचा. वडिलांना ‘तीर्थरूप’, मुलाला ‘चिरंजीव’, बरोबरीच्याला ‘राजश्री’, विद्वानाला ‘वेदशास्त्रसंपन्न’, मोठ्या घरच्या स्त्रीला ‘गंगाजलनिर्मळ’. धन्याला लिहिताना तर थेट संबोधनच टळायचं: ‘स्वामींनी आज्ञा करावी’, जणू समोरचा माणूस समोर नाहीच. उलट वरून खाली जाणाऱ्या हुकमात ‘तुम्ही’ सर्रास यायचं, त्यासोबत ‘पाठविणे’, ‘करणे’, आणि शेवटी ‘जाणिजे’. म्हणजे दरबारी कागदात ‘तुम्ही’ हा शब्द हाताखालच्या माणसाला उद्देशून सहज वापरला जात होता. बोलण्यातला मान आणि कागदावरचा मान यांच्या पायऱ्या वेगवेगळ्या होत्या, हे विसरलं की पुढचं उलगडत नाही.

1818 च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि रामबाग, नारायणबागेसारख्या वस्त्यांत मराठी घरं दाटली. दरबारी रिवाजाच्या सावलीत वाढलेल्या या घरांत ‘यावं’, ‘बसावं’, ‘घ्यावं’ ही रूपं पाहुण्यांशी बोलताना टिकून राहिली. ‘-वं’चं हे रूप ऐकणाऱ्याला आज्ञा करत नाही, कृती त्याच्यासमोर ठेवतं आणि थांबतं. आमच्याकडे अजून वयस्कर माणसं दारातल्या अनोळख्याला “या” म्हणत नाहीत, “यावं” म्हणतात.

मग 1948 मध्ये संस्थान मध्यभारतात विलीन झालं, 1956 मध्ये मध्य प्रदेश झाला, आणि कचेरी, शाळा, बाजार यांची भाषा मुख्यतः हिंदी झाली. माझ्या मते खरं वळण इथे आहे. दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या मराठी माणसाचा विचार करा. गिऱ्हाईक आत येतं तेव्हा ते मराठी आहे की नाही हे त्याला कळत नाही, म्हणून तो हिंदीत सुरू करतो: “आइए, क्या दिखाऊँ आपको?” दोन वाक्यांनंतर गिऱ्हाइकाच्या आडनावावरून किंवा हेलावरून ओळख पटते आणि दोघंही मराठीवर येतात. आता ‘आप’वरून कुठे जायचं? व्याकरणानं सुचतं ते ‘तुम्ही’, पण कानाला ते ‘तुम’सारखं लागतं. क्षणापूर्वी ज्याला ‘आप’ म्हटलं त्यालाच एक पायरी उतरवल्यासारखं होतं. म्हणून तो ‘आपण’ म्हणतो. दिवसातून वीसदा असं झालं की गल्ल्यावरचं ‘आपण’ घरी पोचतं आणि शेजारच्या काकांनाही तेच लागू होतं. पुण्याचा पाहुणा ते ऐकून म्हणतो, “इंदूरचे लोक किती औपचारिक!” औपचारिकतेचा इथे फार संबंध नाही. दोन भाषांच्या पायऱ्या जुळवताना सापडलेली ती सुरक्षित जागा आहे.

या जागेची एक अडचण मात्र आहे. मराठीत ‘आपण’चा रोजचा अर्थ ‘मी आणि तुम्ही मिळून’ असा, आणि माळव्याच्या बोलीभाषेतही ‘अपन’ त्याच अर्थानं चालतं. आमच्या गल्लीत एकदा उज्जैनच्या लग्नाला जायचं होतं. शेजारच्या मुलानं वडीलधाऱ्या आजोबांना विचारलं, “आपण कधी निघणार?” आजोबा म्हणाले, “नऊला.” मुलाला वाटलं, आजोबा त्यांच्या मुलाच्या गाडीनं नऊला निघणार. आजोबांना वाटलं, हा मला बरोबर नेणार. साडेनऊपर्यंत ते टोपी घालून ओट्यावर बसून होते आणि मुलगा सांवेरच्या पुढे गेला होता.

चूक ‘निघणार’ या रूपाची होती, कारण ते दोन्ही अर्थांना चालतं. अर्थ क्रियापदाच्या शेवटावर ठरतो. ‘आपण आलात’, ‘आपण निघणार आहात’ यांत समोरच्याला मान आहे. ‘आपण आलो’, ‘आपण निघणार आहोत’ यांत बोलणारा सोबत आहे. म्हणून आदरानं ‘आपण’ म्हणायची सवय असेल तर ‘आहात’ गिळायचं नाही. मी हे माझ्या भाच्यांना लग्नाच्या याद्या करताना मुद्दाम सांगतो.

‘जी’ची गोष्ट वेगळी. “काकाजी”, “हो जी” ऐकलं की बाहेरचे लोक म्हणतात, हिंदी घुसलं. काकांच्या नावाला लागणारं ‘जी’ हिंदीच्या वळणाचं आहे हे खरं, पण ‘जी’ मराठीला परकं नाही. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांना ‘हो जी’ म्हणूनच साद घालतात, आणि पुढच्याच शब्दांत त्यांना ‘तुम्हां सर्वज्ञांच्या समाजीं’ म्हणतात. तिथे ‘तुम्हां’ला कुठेही कमीपणा नाही.

घरात मात्र एक दोरी अजून ताणलेली आहे. मराठीत आईला ‘तू’, बाबांना अनेक घरांत ‘तुम्ही’. वडिलांसाठी ‘बाबा आले’ असं मानाचं अनेकवचन, आईसाठी ‘आई आली’. इंदूरच्या अनेक हिंदी घरांत मुलं आईला ‘आप’ म्हणतात. त्यामुळे हिंदी घरातून आलेल्या माझ्या वहिनीला सुरुवातीला माझं “आई, तू जेवलीस का?” खटकायचं, तिला वाटायचं मी आईशी उद्धट बोलतो. ती सासूला “आई, आपण जेवलात का?” असं काळजीपूर्वक म्हणायची, आणि आईला ते आवडायचं नाही. ती म्हणायची, “मी काय पाहुणी आहे?” वर्षभरानं वहिनी स्वयंपाकघरात ‘तू’वर आली. पाहुणे बसलेले असले की बाहेरच्या खोलीत ती अजून ‘आपण’ म्हणते, आणि आई आता काही बोलत नाही.