अल्प फ्लोट, उच्च एफडीव्ही

क्रिप्टो-टोकनाच्या एकूण पुरवठ्यापैकी थोडाच भाग, म्हणजे फ्लोट, बाजारात फिरत असताना सगळी टोकने धरून काढलेले मूल्य मात्र अवाढव्य असणे, ही स्थिती. नव्या टोकनात व्यवहार करण्याआधीची पहिली चाळणी म्हणून ती तपासतात. चालू भावाला फिरत्या पुरवठ्याने गुणले की बाजारमूल्य मिळते, कमाल पुरवठ्याने गुणले की फुली डायल्यूटेड व्हॅल्यूएशन, म्हणजे एफडीव्ही. पहिल्याला दुसऱ्याने भागून येणारे प्रमाण जितके लहान, तितका पुढे बाजारात येणारा माल जास्त.

या प्रकाराच्या उगमाबद्दल एकमत नाही. एका मतानुसार त्याचे मूळ २०२० मध्ये एफटीएक्स या एक्स्चेंजच्या वर्तुळातून आलेल्या सीरमसारख्या टोकनांत आहे. तेथे फिरता पुरवठा नगण्य, आणि ठरावीक काळ विकता न येणाऱ्या, कुलूपबंद साठ्याची कागदी किंमत प्रचंड होती. दुसरे मत बायनान्स रिसर्चच्या मे २०२४ च्या अहवालात आढळते. त्यानुसार व्हेंचर भांडवलाने खासगी फेऱ्यांतच मूल्यांकन फुगवले आणि लोकांपर्यंत टोकन आले ते त्या फुगलेल्या भावाने. पहिले मत कागदी संपत्तीचा वापर कसा झाला ते सांगते. पण एफटीएक्स नोव्हेंबर २०२२ मध्ये बुडाल्यावरही हा प्रकार वाढतच गेला, त्याचा उलगडा दुसऱ्या मतानेच अधिक होतो. २०१७ च्या आयसीओंना, म्हणजे टोकनांच्या पहिल्या जाहीर विक्रींना, या वंशावळीत बसवण्याचा प्रयत्न होतो, तो फारसा पटणारा नाही: त्यांपैकी बऱ्याच विक्रींत मोठा हिस्सा सुरुवातीलाच लोकांच्या हाती जाई.

मुंबईच्या शेअर बाजाराला फ्लोटचा विचार नवा नाही. सेन्सेक्स १ सप्टेंबर २००३ पासून फ्री-फ्लोट पद्धतीने मोजला जातो. प्रवर्तकांकडचे शेअर त्यात धरत नाहीत. दलाल स्ट्रीटवर ‘माल कमी आहे’ म्हटले की भाव खेळवणाऱ्या ऑपरेटरचा संशय आलाच. मात्र ही सवय टोकनाला जशीच्या तशी लावता येत नाही. प्रवर्तक आपला हिस्सा सहसा कंपनीच्या ताब्यासाठी धरून ठेवतो. टोकनात खासगी गुंतवणूकदाराच्या सुटकेची तारीख आधीच ठरलेली असते, आणि त्याची खरेदी बहुधा बाजारभावाच्या पुष्कळ खाली झालेली असते.

आर्बिट्रमचे एआरबी हे टोकन उदाहरण म्हणून घेता येईल. मार्च २०२३ मध्ये ते आले तेव्हा एकूण १० अब्जांपैकी सुमारे १.२७५ अब्ज फिरते होते, म्हणजे पावणेतेरा टक्के. १६ मार्च २०२४ रोजी पहिला मोठा अनलॉक, म्हणजे ‘क्लिफ’, आला आणि संघ, सल्लागार व गुंतवणूकदार यांची सुमारे १.११ अब्ज टोकने मोकळी झाली. मूळ फिरत्या पुरवठ्याशी तुलना केली तर ही भर ८७ टक्क्यांची होती. भाव २ डॉलरच्या आसपास धरला, तर तो तसाच टिकायला या सर्व मालाला २.२ अब्ज डॉलरचे नवे खरेदीदार हवे होते. अर्थात सगळा माल एकाच दिवशी विकला जात नाही. पण त्यानंतरही दरमहा सुमारे ९.३ कोटी टोकनांची भर तीन वर्षे ठरलेलीच होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भाव १ डॉलरच्या बराच खाली होता. घसरणीत एकूण बाजाराच्या मंदीचाही वाटा होता, तो वेगळा काढणे कठीण. अनलॉकची तारीख मात्र वर्षभर आधी जाहीर होती.

म्हणून नुसत्या प्रमाणापेक्षा येत्या बारा महिन्यांतला अनलॉक फिरत्या पुरवठ्याच्या किती टक्के आहे, हे पाहणे अधिक उपयोगाचे. दहा किंवा वीस टक्के प्रमाणाची जी मर्यादा अनेक जण पाळतात, ती केवळ सोयीची आहे. अनलॉकचे वेळापत्रकही अढळ नसते: स्टार्कनेट या प्रकल्पाने एप्रिल २०२४ मधला नियोजित १.३४ अब्जांचा अनलॉक ६.४ कोटींवर आणला.

‘फिरता’ म्हणून दाखवलेला आकडाही उलगडून पाहावा लागतो. वर्ल्डकॉइन हे टोकन जुलै २०२३ मध्ये आले तेव्हा १० अब्जांपैकी फार तर १४.३ कोटी फिरते असणार होते आणि त्यांतले १० कोटी मार्केट मेकरना, म्हणजे सतत खरेदी-विक्रीचे भाव देत राहणाऱ्या व्यापाऱ्यांना, उसने दिलेले होते. लोकांच्या हाती उरलेला भाग एकूण पुरवठ्याच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. अशा टोकनाचा भाव थोड्याच खरेदीने उडतो, आणि त्याच भावाने गुणून एफडीव्ही काढली जाते.

चाळणी पार केली म्हणजे टोकन सुरक्षित, असे नाही. मीमकॉइन बहुधा पूर्ण पुरवठ्यानिशी येतात, म्हणून ते सहज पार होतात. मंत्रा प्रकल्पाच्या ओएम टोकनाचा निम्म्याहून अधिक पुरवठा कागदोपत्री फिरता होता, तरी १३ एप्रिल २०२५ रोजी त्याचा भाव काही तासांत ९० टक्क्यांहून अधिक कोसळला. तेथे मोजायला हवे होते ते साठा किती थोड्या हातांत आहे हे, आणि ते या प्रमाणात दिसत नाही.

भारतात २०२२ पासून क्रिप्टो-नफ्यावर ३० टक्के कर आहे. एका टोकनातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. त्यामुळे दहा नवी टोकने थोडीथोडी घेऊन एखादे चालेल या हिशेबाने खेळणाऱ्याला येथे चुकीची निवड परदेशातल्यापेक्षा महाग पडते.